रुखवतातली घागर कुणाची?



आपल्याकडे रुखवतातल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. घागरीच्या काठावर किंवा परातीच्या मागच्या बाजूला देणाऱ्या मामाचं, आत्याचं नाव असतं, मुलीचं नाव असतं, लग्नाची तारीख असते. कुणी दिलं आणि कुणाला दिलं, ते भांडंच सांगतं. तरीही काही वर्षांनी तीच मुलगी त्रास सोसून सोसून माहेरी परत आली, तर घागर सासरीच राहते. मागायला गेलं की उत्तर येतं, “घरात आलं ते घराचं झालं.” दागिन्यांच्या बाबतीत तर तेवढं उत्तरही कुणी देत नाही.

आज आपण या उत्तराबद्दल बोलणार आहोत. ते कायद्याला मान्य नाही. लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर बाईला जे प्रेमाने दिलं गेलं ते तिचं स्त्रीधन असतं, आणि स्त्रीधन एकट्या तिच्याच मालकीचं असतं. नवऱ्याचा त्यात निम्मा वाटा नसतो आणि सासूचाही नसतो. हे नुसतं ऐकून वस्तू परत मिळत नाहीत. त्या कशा परत मिळतात, ते आमच्या एका गटातल्या बाईच्या अनुभवावरून सांगतो. तिचं नाव इथे घेत नाही, तिला आपण ताई म्हणू या.

काय आपलं आणि काय नाही

ताईच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. एका रात्री मारहाण झाली आणि ती दोन साड्या आणि धाकट्या लेकीला घेऊन माहेरी आली. गळ्यातलं मंगळसूत्रही सासूने काढून घेतलं होतं. महिनाभराने ती गटाच्या बैठकीला आली आणि म्हणाली, “मला परत जायचं नाही. पण माझं सहा तोळं सोनं, भांडी, संसार सगळं तिकडंच आहे.”

आम्ही तिला विचारलं, सहा तोळ्यांत काय काय? तिला पटकन सांगता येईना. मग एक वही घेतली आणि वस्तूंचे ढीग पाडायला बसलो. कुठली वस्तू तिची, कुठली नाही, हे आधी ठरवलं.

वडिलांनी लग्नात घातलेली दोन तोळ्यांची मोहनमाळ, आईने दिलेले जुने झुबे, मामाची नथ, चांदीचे पैंजण, रुखवतातली चौदा भांडी आणि लोखंडी कपाट ही माहेरची देणगी झाली. हे स्त्रीधन आहे, यात कुणाला शंका नसते. सासरकडून मिळालेल्या मंगळसूत्राबद्दल मात्र ताईलाच शंका होती. ती म्हणाली, “ते तर त्यांनीच घातलेलं. ते आपलं कसं?” मैत्रिणींनो, सासरच्यांनी नव्या सुनेला भेट म्हणून दिलेला दागिनाही तिचाच असतो. देणारा कोण, यावरून मालकी ठरत नाही, दिलं कुणाला यावरून ठरते. साखरपुड्याची साडी, दोहाळजेवणाला ओटीत आलेली सोन्याची वस्तू, पहिल्या दिवाळीला मिळालेली भेट हे सगळं त्यातच येतं.

शिलाई मशीन लग्नानंतर घेतलेलं होतं. ताईने गटातून दहा हजारांचं कर्ज काढून ते घेतलं आणि ब्लाउज शिवून ते कर्ज फेडलं. बाईने स्वतः कमावलेलं किंवा स्वतःच्या नावावरच्या कर्जातून घेतलेलं जे असतं तेही तिचं स्वतःचं. हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला. त्याच्या कलम १४ प्रमाणे बाईच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी असते, स्त्रीधनही त्यातच येतं.

आता जे तिचं नव्हतं ते. नवऱ्याला घातलेली अंगठी नवऱ्याची. सासू-नणंदांना मानपानात दिलेल्या साड्या त्यांच्या. या वस्तू तिने यादीतून स्वतःच काढल्या. एक ठुशी मात्र अडचणीची होती. लग्नाच्या दिवशी सासूने ती ताईच्या गळ्यात घातली आणि सत्यनारायण झाल्यावर स्वतःच्या कपाटात ठेवली. पुढे ती ताईने कधीच घातली नाही. आपल्याकडे घराण्याचा दागिना लग्नापुरता सुनेला घालायला देतात. घालायला दिलेला दागिना आणि भेट दिलेला दागिना यांत फरक आहे. ताईचा हट्ट होता म्हणून ठुशी यादीत राहिली. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

राहिले एक लाख रुपये, साखरपुड्यात सासऱ्याच्या हातात दिलेले. हा सरळ हुंडा होता. हुंडा घेणं आणि देणं, दोन्ही गुन्हे आहेत. पण १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात एक गोष्ट अशी आहे की ती फार थोड्या बायकांना ठाऊक असते. हुंडा घेतला गेलाच, तर तो घेणाऱ्याचा होत नाही. नवरीसोडून दुसऱ्या कुणी तो घेतला असेल, तर तीन महिन्यांत तो नवरीच्या हवाली करायचा असतो, आणि तोवर तो तिच्यासाठी सांभाळलेली ठेव समजला जातो. लग्नाआधी घेतला असेल तर हे तीन महिने लग्नाच्या तारखेपासून मोजतात. “हुंड्याचं नाव काढलं तर माझ्यावरच केस होईल,” अशी भीती पुष्कळ जणींना असते. पण ज्या बाईवर अन्याय झाला, तिने तक्रारीत जे सांगितलं त्यावरून त्या कायद्याखाली तिच्यावर खटला भरता येत नाही, असं त्याच कायद्यात म्हटलं आहे.

सासूच्या कपाटात आहे म्हणजे सासूचं नाही

आपल्या गटाची पेटी आठवा. किल्ली सचिवाकडे असते, म्हणून पेटीतले पैसे सचिवाचे होत नाहीत. स्त्रीधनाचंही तसंच आहे. नवी सून दागिने सासूकडे ठेवायला देते, कारण घरात कपाटाला कुलूप एकच असतं. त्या दिवसापासून सासू त्या दागिन्यांची राखणदार होते. मालकीण सूनच राहते.

ही गोष्ट एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. पंजाबच्या उच्च न्यायालयाचं म्हणणं असं होतं, की बाई सासरी नांदायला लागली की तिच्या वस्तू दोघांच्या ताब्यातल्या होतात, त्यामुळे त्या दिल्या नाहीत तर फौजदारी गुन्हा होत नाही. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नाकारलं. न्यायालयाने सांगितलं, की सासरच्या उंबऱ्याच्या आत गेल्याने स्त्रीधन सामाईक होत नाही. ज्यांच्याकडे ते विश्वासाने दिलं, त्यांनी मागूनही परत केलं नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. म्हणजे “घरात आलं ते घराचं” या वाक्याचा निकाल चाळीस वर्षांपूर्वीच लागलेला आहे.

नवऱ्याने अडचणीला दागिना मोडला किंवा गहाण टाकला तर काय? घराच्या खऱ्या अडचणीत नवरा बायकोचं स्त्रीधन वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत तिला परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. २०२४ सालीही सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलं आहे.

त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. मुलीचं स्त्रीधन परत मागायचा हक्क मुलीचाच असतो. तिने अधिकार दिल्याशिवाय तिच्या वडिलांनाही ते मागता येत नाही. ताईचे वडील चार माणसं घेऊन सासरी जायला निघाले होते. आम्ही त्यांना थांबवलं. मागणी ताईच्या नावाने, ताईच्या सहीने झाली पाहिजे, हे त्यांना समजावलं. वडिलांची गरज लागणारच होती, पण साक्षीदार म्हणून.

यादीत पाच रकाने

ताईने पहिला अर्ज स्वतःच लिहिला होता. त्यात होतं, “माझे सहा तोळे सोने व संसारोपयोगी साहित्य सासरच्या सर्व लोकांकडे आहे.” असा अर्ज कुठेही टिकत नाही. कुठलं सोनं, कुणाच्या हातात दिलं, आत्ता कुठे आहे, यातलं काहीच त्यात नाही. नणंदा, दीर, चुलत सासरे सगळ्यांची नावं घातली की समोरच्या वकिलाचं काम सोपं होतं. तो म्हणतो, ही बाई रागाने सगळ्या घरादारावर आरोप करते आहे.

म्हणून आम्ही वहीत पाच रकाने पाडले. वस्तू आणि तिची खूण. कुणी, कधी दिली. मी ती कुणाच्या हातात दिली. आत्ता कुठे आहे. आणि पुरावा काय. एका ओळीत एकच वस्तू.

मोहनमाळेची ओळ अशी झाली: “मोहनमाळ, वीस ग्रॅम, हॉलमार्क असलेली. वडिलांनी लग्नात दिली. लग्नानंतर आठवड्याने सासूबाईंकडे ठेवायला दिली. आता नवऱ्याने गहाण टाकल्याचं ऐकलं आहे. पुरावा सोनाराचं पक्कं बिल.” अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरं-आकड्यांचा एक क्रमांक कोरलेला असतो. तो बिलावर असेल तर यादीत जरूर लिहा, म्हणजे दागिना बदलता येत नाही.

झुब्यांचं बिल नव्हतं, ते आईचे जुने होते. पण हळदीच्या फोटोत ते ठळक दिसत होते. नथीसाठी मामा साक्षीला तयार होते. भांड्यांवर नावं होती आणि लग्नाच्या व्हिडिओत अख्खं रुखवत मांडलेलं दिसत होतं. आहेराची वही आईने जपून ठेवली होती, तिचाही उपयोग झाला. मशीनचा पुरावा तर आमच्याच कपाटात निघाला. गटाच्या कर्जवहीत कर्जाचं कारण ‘शिलाई मशीन’ असं लिहिलेलं होतं, आणि ठराववहीत त्याच्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. तेव्हापासून आम्ही प्रत्येक गटाला सांगतो, की कर्जाच्या कारणापुढे नुसतं ‘घरखर्च’ लिहू नका, वस्तू घेतली असेल तर वस्तूचं नाव लिहा.

पैंजणांचं मात्र काहीच सापडलं नाही. एक लाखासाठी वडिलांच्या पासबुकात साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पैसे काढल्याची नोंद होती. पण पासबुक सांगतं ते एवढंच, की पैसे आपल्या खात्यातून निघाले. ते कुणाच्या हातात गेले हे पासबुक सांगत नाही. लग्नाची याद कागदावर केली होती, दोन्हीकडच्या माणसांच्या त्याच्यावर सह्या होत्या, पण तो कागद कुणालाच सापडला नाही.

यादी करताना आकडे फुगवू नका. दोन तोळ्यांची माळ तीन तोळ्यांची लिहिली आणि बिल दोनचं निघालं, तर खऱ्या वस्तूंवरचाही विश्वास उडतो.

मागायचं कुठे

यादी पक्की झाल्यावर ताईने नवरा आणि सासू यांना एक पत्र पाठवलं. साधं एक पानी पत्र, सोबत यादी, आणि पंधरा दिवसांत वस्तू परत द्याव्यात अशी मागणी. स्पीड पोस्टाने पाठवलं, पावती जपली, पत्र पोचल्याचा पुरावाही घेतला. आम्हाला वाटलं होतं, उत्तर येणारच नाही. पण नवऱ्याने वकिलाकडून उत्तर धाडलं. त्यात दागिने नाकारले होते, आणि पुढे लिहिलं होतं की मोहनमाळ घरच्या अडचणीसाठी पतसंस्थेत तारण ठेवली आहे. तारण ठेवली म्हणजे माळ होती आणि ती त्यांच्याकडेच होती, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलं.

असं पत्र पाठवावंच लागतं असं नाही. पत्र मिळताच दागिने विकले जातील अशी धास्ती असेल, तर पत्रात वेळ न घालवता थेट पुढची पायरी घ्या.

पुढची पायरी म्हणजे संरक्षण अधिकारी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला, त्याखाली हे अधिकारी नेमलेले असतात. कार्यालयाचा पत्ता अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला किंवा पंचायत समितीतल्या बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारला की कळतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो. हे अधिकारी बाईचं म्हणणं ऐकून कौटुंबिक घटनेचा अहवाल भरतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतात. त्यासाठी पैसे द्यायचे नसतात. वकील हवा असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालू नका.

हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही, घेण्याची तयारीही दाखवावी लागत नाही. आणि अर्ज सासरच्या तालुक्यातच करायला हवा असंही नाही. बाई आता माहेरी राहत असेल, तर माहेरच्या तालुक्यातल्या न्यायालयात तो करता येतो. ताईसाठी हे फार मोठं होतं. सासर दीडशे किलोमीटरवर होतं.

अर्जात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागायच्या. मागितलं नाही तर आपण होऊन कुणी देत नाही. पहिली, निकाल लागेपर्यंत यादीतल्या वस्तू विकू नयेत, गहाण टाकू नयेत आणि लॉकर उघडू नये असा मनाई आदेश. हा कलम १८चा, आणि तो तातडीने, अगदी पहिल्या तारखेलाही मागता येतो. दुसरी, स्त्रीधन परत देण्याचा आदेश, कलम १९च्या आठव्या पोटकलमाखाली. तिसरी, जी वस्तू मोडली किंवा विकली गेली तिची भरपाई पैशांत, कलम २०खाली. ताईच्या पहिल्या कच्च्या अर्जात फक्त पोटगीचं लिहिलं होतं. वकीलबाईंनी विचारलं नसतं तर स्त्रीधन राहूनच गेलं असतं.

पोलिसांकडे जायचा रस्ताही आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६खाली हा विश्वासघाताचा गुन्हा होतो. १ जुलै २०२४च्या आधी घडलेल्या गोष्टीला जुनं ४०६ कलम लागतं. दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. पण पोलिसांच्या रस्त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. तक्रारीत फक्त त्यांचीच नावं द्यायची, ज्यांच्या हातात वस्तू दिली. आणि पोलिसांनी दागिने जप्त केले, तर ते मुद्देमाल म्हणून जमा होतात. ते आपल्या ताब्यात मिळावेत म्हणून न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो. ताईला शिक्षेपेक्षा वस्तू हव्या होत्या, म्हणून तिने आधी संरक्षण अधिकाऱ्यांचा रस्ता धरला.

सही करताना

मधल्या काळात गावातल्या मोठ्या माणसांनी तडजोडीची बैठक बसवली. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर आधीच टाइप करून आणलं होतं: “मला माझे सर्व दागिने व वस्तू मिळाल्या, माझी आता काही तक्रार नाही.” वस्तू आठ दिवसांनी पोचवतो म्हणाले. ताई सही करायच्या बेतात होती. आमच्या अध्यक्ष काकू सोबत होत्या म्हणून कागद तसाच परत आला. मैत्रिणींनो, वस्तू हातात नसताना मिळाल्याची सही म्हणजे स्वतःच्या हक्काच्या दोरावर स्वतः विळा चालवणं आहे. तडजोड करायला हरकत नाही. पण आधी वस्तू, मग सही, आणि सही करायची ती मिळालेल्या वस्तूंपुरतीच.

दुसरी चूकही होऊ घातली होती. भाऊ म्हणाला, आपण दुपारी जाऊन कपाट उघडून आणू या, तिचंच तर आहे. वस्तू आपली असली तरी त्यांच्या घरात घुसून आणली, की चोरीची तक्रार येते आणि खऱ्या तक्रारीला फाटे फुटतात.

कायदा म्हणतो, अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. ताईला अकरा महिने लागले. तारखा पडल्या, दोनदा नवरा आलाच नाही. पण वस्तू विकू नयेत हा आदेश दुसऱ्याच तारखेला मिळाला होता, त्यामुळे उशीर झाला तरी वस्तू जागेवर राहिल्या. तो आदेश मोडणं हा वेगळा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

निकालात मोहनमाळ दोन महिन्यांत सोडवून द्यावी, नाहीतर तिची किंमत द्यावी असं आलं. झुबे, नथ, मंगळसूत्र, कपाट, मशीन आणि भांडी परत द्यायला सांगितलं. ठुशी मिळाली नाही, ती भेट दिली होती हे सिद्ध झालं नाही. पैंजण मिळाले नाहीत. एक लाखही मिळाले नाहीत, कारण पैसे सासऱ्याच्या हातात गेल्याचं दाखवता आलं नाही. कायदा बाजूने असूनही कागद नव्हता. याचं वाईट ताईच्या वडिलांना आजही वाटतं.

वस्तू आणायच्या दिवशी संरक्षण अधिकारी आणि एक महिला पोलीस सोबत होत्या. जाताना आम्ही दोन गोष्टी नेल्या, यादीची प्रत आणि सोनाराकडचा छोटा वजनकाटा. तो नेला नसता तर फसलो असतो. सासूने झुबे म्हणून जे पुढे केले ते यादीतल्या वजनापेक्षा दोन ग्रॅमने हलके भरले. फोटो काढून जुळवून पाहिला तर घडणही वेगळी. अधिकाऱ्यांनी तसं पंचनाम्यात लिहायला घेतलं, तेव्हा खरे झुबे आतल्या खोलीतून आले. चौदा भांड्यांतली अकरा मिळाली. तीन मिळाली नाहीत असं पंचनाम्यात लिहून घेतलं, आणि मगच ताईने सही केली. मोहनमाळ पुढच्या महिन्यात न्यायालयात हातात मिळाली. ताईने ती तिथेच काट्यावर घातली, बिलाशी वजन जुळवलं, आणि मग पिशवीत ठेवली.

आता मशीन आमच्या गावातल्या बाजाराच्या रस्त्यावर एका ओसरीत आहे. मागच्या पंचमीला ताईने चाळीस ब्लाउज शिवले.

लग्नाआधीच करायची यादी

ताईची अर्धी मेहनत गेली ती सहा वर्षांपूर्वीचे पुरावे शोधण्यात. ते टाळता येतं. नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींची यादी करावी, असा नियमच १९८५ सालापासून आहे. नवरीच्या भेटींची यादी नवरीने ठेवायची असते. त्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या घ्यायच्या. लग्नाच्या दिवशी किंवा त्यानंतर जमेल तितक्या लवकर. आपल्याकडे याद करतात, आहेराची वही करतात, पण नवरीच्या भेटींची ही यादी कुणी करत नाही. लग्नघरात सह्या मागायला संकोच वाटतो, हे आम्हालाही कळतं. तो वाटत असेल तर निदान बिलांचे आणि दागिन्यांचे फोटो काढून मुलीच्या, आईच्या आणि एखाद्या मावशीच्या मोबाईलमध्ये ठेवा. आहेराच्या वहीची प्रत मुलीकडे द्या.

ज्यांची लग्नं होऊन वीस वर्षं झाली त्यांनीही ही यादी करावी. सुखात नांदणाऱ्या बाईनेही करावी. नवरा गेल्यावर दीर-जावांनी दागिने अडवून ठेवलेल्या दोन विधवा बहिणी आमच्या गटांत आहेत. त्यांच्या वस्तू नवऱ्याच्या मरणाने घराच्या झालेल्या नाहीत, त्या त्यांच्याच आहेत. पण यादी करायला बसलं की त्यांनाही आधी आठवत बसावं लागतं.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने एक कोरा कागद आणावा. बचतीचा हिशेब झाला की आपण पाच रकाने पाडू आणि प्रत्येकीच्या एका वस्तूपासून सुरुवात करू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी लिहिणारी बसेल. कागद कुठे ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. ताईने तिचा मशीनच्या खणात ठेवला आहे.